सगळ्यांना कळलं ना?

आमच्या नव्या मुख्याध्यापकांना आम्ही शिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात 'नासर' हे नाव ठेवलं. त्यांचा कुठलाही प्रश्न 'ना'वर संपायचा. "सगळं ठीक आहे ना?" "पाठांची टाचणं पूर्ण आहेत ना?" "कुणाला काही अडचण नाही ना?" अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, नुसती मान डोलवायची असते. ते काम आम्हाला छान जमत होतं. काहींना तर इतकं छान, की नासर तोंड उघडायच्या आधीच त्यांची मान हलू लागायची.

नासरांबद्दल सांगण्यासारखं बरंच होतं आणि त्यातलं बहुतेक ते स्वतःच सांगत. आधीच्या तीन शाळांचे निकाल त्यांनी वर नेले होते. कसे नेले ते आम्हाला नंतर कळलं: नववीतली कच्ची मुलं दहावीच्या आधी 'तुमच्या पाल्याच्या हितासाठी' दुसरीकडे पाठवली, की उरलेल्यांचा निकाल आपोआप वर जातो. गळकं भांडं फेकून दिलं की घरात गळती राहत नाही, तसलाच हा प्रकार. येताना त्यांनी स्वतःचं लॅमिनेशनचं यंत्र आणलं होतं. महिन्याभरात शाळेच्या भिंतीवर चुन्यापेक्षा प्लास्टिक जास्त झालं. 'आपली शाळा, आनंदी शाळा'. 'येथे अडचण नसते, संधी असते'. ही दुसरी पाटी त्यांनी नेमकी मुलींच्या स्वच्छतागृहाबाहेर लावली. तिथल्या नळाला पाणी नव्हतं.

त्यांच्या आधी ज्या बाई मुख्याध्यापिका होत्या त्या काही देवी नव्हत्या. उशिरा येणाऱ्याला त्या मस्टरसमोर उभं करून असं बोलत की दिवसभर कान गरम राहायचे. पण वर्गात येऊन मागच्या बाकावर बसल्या की तास संपल्यावर एकच विचारत, "आज कुणाला कळलं नाही?" उत्तर देता आलं नाही, तर तास कितीही रंगला असला तरी त्यांच्या लेखी तो झालाच नव्हता. शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबायचं आणि एकाने आपला फसलेला तास सगळ्यांना सांगायचा, ही त्यांचीच पद्धत. आम्ही त्याला 'बुडालेला तास' म्हणायचो. आधी लाज वाटायची. मग दुसऱ्यांचेही बुडतात हे दिसलं, की कसं वाचवायचं ते विचारायला तोंड उघडायचं. शिक्षकखोलीतल्या कपाटाला तेव्हा कुलूप नव्हतं. कुणाचे नकाशे, कुणाच्या पट्ट्या, कुणीही न्यायचं.

नासरांनी बुडालेला तास पहिल्याच शनिवारी बुडवला. "आठवडा संपताना नकारात्मक बोलून घरी जायचं नाही ना?" आम्ही मान हलवली. अर्धा तास लवकर घरी जायला मिळणार म्हणून काहींनी जरा जोरात हलवली.

त्याऐवजी प्रत्येक वर्गाच्या दारावर एक पाटी आली. एका बाजूने हिरवी, दुसऱ्या बाजूने लाल. तास संपताना शिक्षकाने विचारायचं, "सगळ्यांना कळलं ना?" मुलांनी एका सुरात म्हणायचं, "हो सर" किंवा "हो बाई." की लगेच मॉनिटरने उठून हिरवी बाजू बाहेर करायची. महिन्यात सगळ्यात जास्त हिरव्या पाट्या ज्याच्या, तो 'महिन्याचा शिक्षक'. त्याचा फोटो लॅमिनेट होऊन जिन्यात. ज्या वर्गाची पाटी कधीच लाल झाली नाही, त्याला शेवटच्या शुक्रवारी एक तास मैदान. आता सांगा, मैदान पणाला लावून 'मला कळलं नाही' म्हणणारं पोर कुठल्या मातीचं असतं? असलंच, तर मधल्या सुट्टीत बाकीची त्याला धरून सरळ करायची.

फोटो जिन्यात लागायला लागल्यावर कपाटाला कुलूप आलं. एक नाही, चार. प्रत्येकाने आपापला कप्पा बंद केला. एकमेकांना पाण्यात पाहायला वेळ लागत नाही, फक्त बक्षीस एकच ठेवायचं.

या सगळ्यात गणिताच्या नव्या बाई आल्या. सातवी त्यांच्याकडे. वर्षभर तात्पुरती नेमणूक, वर्षाच्या शेवटी मुख्याध्यापकांचा गोपनीय अहवाल, तो चांगला असेल तर कायम. दिसायला शांत, बोलायला सरळ. पुढे कळलं की त्यांच्या घरी या कायमपणावर बरंच काही टांगलेलं होतं. त्यांच्या सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "कायम झालीस तर नोकरी. नाहीतर हा विरंगुळा आहे. आणि विरंगुळ्यासाठी मी तुझ्या जावेची दोन पोरं एकटीने सांभाळणार नाही." नवरा चांगला होता. म्हणजे अशा वेळी तो वर्तमानपत्र उंच धरायचा.

बाईंनी सातवीत अपूर्णांकांची बेरीज घेतली. फळ्यावर एक छेद दोन अधिक एक छेद तीन. मुलांनी वरचे आकडे मिळवले, खालचे मिळवले आणि आनंदाने दोन छेद पाच लिहून मोकळी झाली. "म्हणजे अर्ध्यात आणखी काही टाकलं आणि ते अर्ध्यापेक्षा कमी झालं?" बाईंनी विचारलं. वर्गाने विचार केला. मग पहिल्या बाकावरची चुणचुणीत मुलगी म्हणाली, "हो बाई." बाकीचे म्हणाले, "हो बाई." मॉनिटर उठला आणि पाटी हिरवी करून आला.

बाई शिक्षकखोलीत आल्या त्या डोक्याला हात लावूनच.

"त्यांना छेद म्हणजे काय तेच माहीत नाही," त्या पाचवीच्या बाईंना म्हणाल्या. "एकतृतीयांश मोठा की एकचतुर्थांश विचारलं, तर म्हणे चतुर्थांश. चार मोठे म्हणून."

पाचवीच्या बाई चहा ढवळत राहिल्या. त्यांची पंधरा-वीस वर्षं पाचवीत गेलेली. कागदाच्या पट्ट्या घडी घालून अपूर्णांक असे शिकवायच्या की पोरांच्या बोटांना कळायचं. त्या महिन्यात जिन्यातला फोटो त्यांचाच होता.

"पाचवीत तर सगळं झालंय त्यांचं," त्या म्हणाल्या. "माझी पाटी कधी लाल नसते."

"तुमच्या पट्ट्या मिळतील का?"

"कपाटात आहेत." त्यांनी पर्स जवळ ओढली. "किल्ली आज घरी राहिली बघा."

विज्ञानाचे मास्तर खिडकीपाशी वही तपासत होते. न बघताच म्हणाले, "बाई, तुम्ही नव्या आहात म्हणून सांगतो. इथे पोरांना कळत नाही असं नसतं. इथे फक्त शिक्षकाला कळत नाही. आणि त्याचा अहवाल जातो."

बाईंनी एकदा दारावरची पाटी स्वतःच्या हाताने लाल केली. पोरं इतकी घाबरली की दोघी रडल्या. मैदान जाणार होतं. दुसऱ्या दिवशी नासर वर्गात येऊन म्हणाले, "काल चुकून उलटी लागली होती ना?" आणि मुलं म्हणाली, "हो सर."

*

दिवाळखोर दुकानाचीही पाटी नवी असते, तशी आमची शाळा बाहेरून चकचकीत होत गेली. आत किरकोळ रजा वाढल्या. पूर्वी ताप अंगावर काढणारी माणसं आता नुसती शिंक आली तरी अर्ज टाकायची. रोज कुणीतरी नाही, म्हणून रोज कुणाच्या तरी माथी बदली तास. बदली तासाला काय शिकवायचं? पाटी हिरवी ठेवायची.

मग संस्थेच्या अध्यक्षबाई पाहणीला आल्या. निवृत्त न्यायाधीश. पांढरे केस, चष्म्याला साखळी, आणि आपण फार हुशार आहोत हे इतरांना कळावं म्हणून केलेला अगदी सावकाश बोलण्याचा सराव. नासरांनी त्यांना सगळं प्लास्टिक दाखवलं आणि शेवटी सातवीत आणलं, कारण सातवीची पाटी सलग हिरवी होती. ती कशी, हे सांगायला नको.

नासर वर्गासमोर उभे राहिले. "काय मुलांनो, अपूर्णांक सगळ्यांना कळले ना?"

"हो सर."

"काही अडचण नाही ना?"

"नाही सर."

त्यांनी अध्यक्षबाईंकडे असं पाहिलं, जसा जादूगार टोपी उलटी करून पाहतो. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला.

"मुख्याध्यापक, हे सूचक प्रश्न झाले. प्रश्नातच उत्तर घालून साक्षीदाराच्या हातात दिलंत. माझ्या कोर्टात असं विचारणाऱ्या वकिलाला मी खाली बसवत असे." मग वर्गाकडे वळून, "मी विचारते. कुणाला कळलं नाही?"

"हो मॅडम," वर्ग म्हणाला.

अगदी एका सुरात. पोरांचा काही दोष नव्हता. त्यांना प्रश्न ऐकायला कुणी शिकवलंच नव्हतं, फक्त कुठे तोंड उघडायचं ते शिकवलं होतं. मॉनिटर सवयीने उठला, दाराकडे गेला, आणि कुणीतरी डोळे वटारल्यावर पाटीला हात लावून तिथेच उभा राहिला.

अध्यक्षबाईंनी नव्या बाईंना विचारलं, "तुम्ही सांगा. खरं काय आहे?"

आम्ही मागे दाराशी उभे होतो. बाईंनी आधी नासरांकडे पाहिलं. नासर हसत होते, पण दातांनी. वर्षाचा अहवाल लिहायला अजून दोन महिने होते आणि लेखणी त्या दातांच्या मालकाच्या खिशात होती.

"अर्ध्याहून जास्त मुलांना छेद म्हणजे काय ते माहीत नाही," बाई म्हणाल्या. "मी त्यांना बेरीज शिकवतेय. ती त्यांना येणार नाही. मागे जावं लागेल. त्यासाठी मला पाचवीच्या बाईंची मदत पाहिजे आणि वेळ पाहिजे."

"मग दारावर हिरवी पाटी कशी?"

"ती हिरवीच असते."

नासर लगबगीने पुढे आले. "बाई नव्या आहेत. थोडं मार्गदर्शन लागेल ना त्यांना."

आम्हाला वाटलं, आता न्याय होणार. कथेत होतो तसा. पण अध्यक्षबाईंना स्वतःचा तो सूचक प्रश्नाचा मुद्दा इतका आवडला होता, की शिक्षकखोलीत चहा घेताना त्यांनी आम्हाला त्यावर व्याख्यानच दिलं. दोन खटले सांगितले. जाताना नासरांना म्हणाल्या, "कच्ची मुलं शोधा. लपवू नका. मला दर आठवड्याला कळवा." आणि गाडीत बसल्या. बाईंचं नावही त्यांनी विचारलं नाही.

*

सोमवारी नवा फतवा आला, लॅमिनेट होऊन. 'प्रामाणिक शाळा'. प्रत्येक शिक्षकाने दर आठवड्याला आपल्या वर्गातली पाच कच्ची मुलं कळवायची. पाचच. कमी दिली तर लपवाछपवी, जास्त दिली तर अकार्यक्षमता. खरेपणालाही ठरलेलं माप लावता येतं, हे नासरांकडून शिकावं.

विज्ञानाच्या मास्तरांनी त्याच दिवशी मार्ग काढला. हजेरी क्रमांक एक ते पाच या आठवड्यात कच्चे. सहा ते दहा पुढच्या. "न्याय सगळ्यांना सारखा," ते म्हणाले. वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा दुसऱ्या आठवड्यात कच्चा निघाला, तेव्हा त्याचे वडील भांडायला आले. मास्तरांनी त्यांना समजावलं, "काळजी करू नका, सोमवारी पक्का होईल."

नव्या बाईंनी मात्र जितकी कच्ची होती तितकी सगळी कळवली.

नासरांनी त्यांना खोलीत बोलावलं. दार उघडं होतं. तिथून जाताना आमचा वेग नेहमीच कमी होतो.

"ही कच्च्यांची नावं आहेत की हजेरीपट?"

"कच्च्यांची आहेत सर."

"बाकीच्यांनी पाच दिलीत. तुम्हीच शाळेपेक्षा वेगळ्या आहात असं नाही ना तुम्हाला वाटत?"

"माझा वर्ग वेगळा नाही. मी मोजला, एवढंच."

नासर खुर्चीत मागे रेलले. "हे बघा बाई. मी तुमच्या चांगल्यासाठी सांगतोय. पाचवर आणा. तुमचा अहवाल माझ्यासमोरच आहे, आणि तुम्हाला कायम व्हायचंय ना?"

"व्हायचंय."

"मग झालं तर."

"पण कुठली पाच ठेवू, सर? तुम्हीच निवडून द्या. बाकीच्यांना मी सांगेन की सरांनी तुम्हाला पक्कं केलं."

नासरांचं हसू अर्ध्या रस्त्यात थांबलं. त्या बाहेर आल्या तेव्हा आम्ही सगळे सूचनाफलक वाचत होतो. तो अर्धा रिकामा होता.

त्या संध्याकाळी घरी काय झालं ते त्यांनीच नंतर हसत सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सगळे पाच लिहितात तर तूही पाच लिही. एवढं काय त्यात? मी तुझ्या सासऱ्यांना आयुष्यभर जेवण छान झालं ना म्हणून विचारलं आणि ते हो म्हणाले. संसार झालाच की."

"आणि छान व्हायचं का?" बाईंनी विचारलं.

सासूबाईंनी आमटीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. "आमटी खारट व्हायची," त्या म्हणाल्या. "मला त्यांच्या भावाने सांगितलं, ते गेल्यावर."

वर्तमानपत्र थोडं खाली आलं होतं म्हणे.

बाईंनी आकडा बदलला नाही. नासरांनी अहवालात लिहिलं: दृष्टिकोन नकारात्मक, सहकार्याचा अभाव, कायम करण्याची शिफारस नाही. आमच्या लेखनिकाने तो टाइप केला आणि गोपनीय म्हणून फक्त आम्हा सगळ्यांना सांगितला. शिक्षकखोलीत अळीमिळी गुपचिळी. पाचवीच्या बाईंनी तेवढी किल्ली काढली आणि काही न बोलता पट्ट्यांचा खोका नव्या बाईंच्या टेबलावर ठेवला. मग तितक्याच मुकाट्याने जाऊन खुर्चीत बसल्या. जणू खोका स्वतःच चालत आला होता.

यानंतर जे घडलं त्याचं श्रेय कुणाच्याही चांगुलपणाला देता येत नाही.

दहावीला गणित शिकवणाऱ्या मास्तरांनी राजीनामा दिला. पगार कमी असलेल्या शाळेत गेले. का, असं विचारल्यावर म्हणाले, "तिथले मुख्याध्यापक दिवसभर खोलीतच असतात. कुणाला काही विचारत नाहीत. फार बरं वाटतं." आठवड्याच्या आत विज्ञानाचे मास्तर रक्तदाबाचं प्रमाणपत्र घेऊन दीर्घ रजेवर गेले; तो रक्तदाब खरा होता, एवढं नोंदवून ठेवतो. संस्थेने जाहिरात दिली. एकही अर्ज आला नाही. आमच्या धंद्यात कुठल्या शाळेत हवा कशी आहे, हे जाहिरातीच्या आधी पोचलेलं असतं. एक उमेदवार फाटकापर्यंत आला, शिपायाशी बोलला आणि परत गेला.

दहावीची परीक्षा तोंडावर. वर्गाला गणिताला कुणी नाही. ज्या निकालावर नासरांची तीन शाळांची कीर्ती उभी होती, तो निकाल आता एका माणसावर येऊन अडला, आणि त्या माणसाला कायम करू नये असं त्यांनीच सहीनिशी लिहिलं होतं. दोन दिवस त्यांनी स्वतः दहावीचं गणित घेऊन पाहिलं. तिसऱ्या दिवशी पोरांनी एक उदाहरण विचारलं. नासर म्हणाले, "हे तुम्हाला येतंच ना?" पोरं म्हणाली, "हो सर." तास संपला.

त्या दुपारी त्यांनी बाईंना बोलावलं. या वेळी दार बंद केलं, पण लेखनिकाची खोली लागूनच आहे आणि मधली भिंत प्लायवूडची, फटीसकट.

"मी तुमच्या अहवालाचा पुनर्विचार केलाय," नासर म्हणाले. "तुमची तळमळ मला सुरुवातीपासून दिसत होती. दहावी घ्याल ना?"

"माझ्या अटी आहेत."

"अटी?"

"आधी कायमचं पत्र. मग सातवीच्या दारावरची पाटी काढायची. आणि शनिवारचा अर्धा तास परत सुरू. त्यात तुम्ही बसायचं नाही."

"मुख्याध्यापकच नसेल तर..."

"तुम्ही असलात की आम्ही खोटं बोलतो, सर. त्यात तुमचा अपमान नाही. सवय झालीय."

नासर म्हणाले, "म्हणजे शिक्षकांना स्वायत्तता. हे मी पुढच्या सत्रात आणणारच होतो." आणि लगेच स्वतःच्या वाक्यावर खूश झाले. लेखनिक म्हणतो, त्यांनी तिथल्या तिथे 'स्वायत्त शाळा' असं कागदावर लिहून रंग कुठला शोभेल ते पाहिलं.

पत्र दोन दिवसांत आलं. पहिल्या शनिवारी पाचवीच्या बाई आल्या, चित्रकलेचे मास्तर आले, मी आलो. बाकीचे दारातून डोकावून गेले; आत कोण आहे हे वर कळवलं जाईल का, याचा त्यांना अजून अंदाज येत नव्हता. पाचवीच्या बाईंनी पट्टीची घडी घातली, उलगडली, आणि म्हणाल्या, "मी नेहमी तुकडे मोजायला लावले. एक तुकडा केवढा झाला, ते कधी बघायलाच सांगितलं नाही. तिथेच चुकलं." हे वाक्य त्यांच्या तोंडून यायला एक अख्खं वर्ष आणि दोन शिक्षक खर्ची पडले. सातवीतल्या कच्च्यांतली निम्मी वर्षाअखेर सावरली. उरलेली तशीच आठवीत गेली, कारण वर्ष तेवढंच होतं आणि बाईंच्या डोक्यावर दहावीही होती.

नासरांना त्या वर्षी संस्थेचा आदर्श मुख्याध्यापक पुरस्कार मिळाला. लोकशाही नेतृत्वासाठी.

त्याआधी, कायमचं पत्र हातात देताना लेखनिक बाईंना म्हणाला होता, "अभिनंदन. कायम झालात. आता बाकीच्यांसारखं आजारी पडायला तुम्ही मोकळ्या."

बाईंनी पत्र घडी करून पर्समध्ये टाकलं. "परवा बघू," त्या म्हणाल्या. "उद्या सातवीला छेद आहे."